'हे?' आणि 'मत?' : पऱ्हाटीच्या एका पानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी गटासाठी मी पीक सल्ल्याचं काम करते. गटातल्या बहुतेकांची जमीन कोरडवाहू. खरिपात मुख्य पीक पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मधूनमधून तुरीचं तास, म्हणजे ओळ. जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत माझ्या फोनवर रोज पानांचे फोटो येतात, आणि त्यातल्या बऱ्याच फोटोंखाली एकच शब्द असतो. 'हे?' किंवा 'मत?' किंवा 'मॅडम?' कधी नुसतंच प्रश्नचिन्ह.

माणूस असं का लिहितो, हे शेतात गेलं की कळतं. हात चिखलाचे, फोन खिशातून निम्मा बाहेर, आणि मराठी टाइप करायला वेळ लागतो. शिवाय त्याच्या दृष्टीनं पान समोर आहे, म्हणजे सगळं सांगून झालं. डॉक्टरला जीभ दाखवावी तसं पान दाखवलं जातं. पण जीभ दाखवणारा माणूस डॉक्टरसमोर बसलेला असतो. इथे माझ्याकडे फक्त जीभ पोचते.

पुढचं प्रकरण गेल्या खरिपातलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि ज्यांचं हे शेत त्यांना मी फक्त 'भाऊ' म्हणणार आहे. तीन एकर पऱ्हाटी, १८ जूनची लावण. शेताच्या पश्चिमेला विहीर, पूर्वेला शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे बांध. या दोन दिशा पुढे महत्त्वाच्या ठरतात.

पहिला निरोप

१ ऑगस्टला सकाळी साडेसातला फोटो आला. तळहातावर ठेवलेलं, तोडलेलं एक पान. खाली शब्द: 'हे?'

पान तोडून बराच वेळ झाला असावा, कारण ते मलूल होतं आणि कडा आत वळल्या होत्या. आकार काहीतरी विचित्र वाटत होता, पण तो मुळातला आकार की सुकल्यामुळे झालेला, हे सांगता येत नव्हतं. ४४ दिवसांच्या पऱ्हाटीत असं पान दिसलं की माझ्या डोक्यात निदान पाच गोष्टी येतात. तुडतुड्यांनी रस शोषला की कडा पिवळ्या-लाल होऊन खाली वळतात. फुलकिड्यांनी खरवडलं की पान वरच्या बाजूला वळतं आणि खालून चंदेरी दिसतं. तिसरी शक्यता कोकडा, म्हणजे पांढऱ्या माशीतून पसरणारा विषाणू, पण तो प्रामुख्यानं पंजाब, हरियाणा आणि उत्तर राजस्थानच्या कापूस पट्ट्याचा त्रास आहे. चौथी शक्यता तणनाशकाची. पाचवी म्हणजे काहीच झालेलं नाही: देशी कपाशीची पानं मुळातच खोल चिरलेली आणि अरुंद असतात, आणि बियाण्यात दुसऱ्या जातीची थोडी झाडं मिसळली गेली की शेतकरी दचकतो.

या पाचांपैकी प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि दोन ठिकाणी उपाय म्हणजे काहीच न करणं.

माझ्यासमोरचे पर्याय

अंदाज सांगून मोकळं होणं हा पहिला पर्याय. सकाळी साडेसातला, रांगेत आणखी फोटो असताना, याचा मोह खरा असतो. 'तुडतुडे असतील, फवारा घ्या' हे उत्तर या दिवसांत बऱ्याचदा बरोबरही निघतं. पण चुकलं तर तीन एकरांत एक वाया गेलेली फवारणी, आणि त्याहून वाईट म्हणजे खरं कारण तसंच शेतात.

दुसरा पर्याय सगळी माहिती मागण्याचा. जात, लावणीची तारीख, खत, आधीच्या फवारण्या, पाऊस, पानाची खालची बाजू, पूर्ण झाड, किती झाडं, कधीपासून. याचा माझ्याकडे नऊ प्रश्नांचा तयार मजकूर होता.

तिसरा, लगेच फोन. चौथा, एकच प्रश्न विचारायचा आणि त्याच्या उत्तरावरून पुढचा ठरवायचा.

मी दुसरा पर्याय निवडला. तयार मजकूर पाठवला आणि पुढच्या फोटोकडे वळले. त्या वेळी ते काम नीट केल्यासारखं वाटलं होतं.

सव्वीस तास

उत्तर आलं नाही. निरोप वाचल्याची खूण दिसत होती, उत्तर नव्हतं. आता मागे बघताना कारण साधं दिसतं. 'हे?' विचारणाऱ्याला मी नऊ कामं दिली होती, आणि त्यातली चार कामं करायला त्यांना पुन्हा शेतात जावं लागणार होतं. तोपर्यंत तालुक्याच्या रस्त्यावर जे दुकान उघडं होतं तिथे त्यांनी तेच पान नेलं. तिथे प्रश्न विचारले गेले नाहीत, उत्तर मिळालं.

२ ऑगस्टला सकाळी साडेनऊला दुसरा फोटो आला. पुन्हा एकच पान, या वेळी ताजं. खाली शब्द: 'मत?'

इथे मी थांबले, आणि या प्रकरणातली माझ्या मते सर्वात उपयोगाची गोष्ट इथेच आहे. शब्द बदलला होता. 'हे?' म्हणजे हे काय आहे, नाव सांगा. 'मत?' असं माणूस तेव्हा विचारतो जेव्हा त्याला एक मत आधीच मिळालेलं असतं आणि ते पूर्ण पटलेलं नसतं. कालपासून आजपर्यंत कोणीतरी त्यांना काहीतरी सांगितलं होतं आणि बहुधा त्यावर काहीतरी खर्च व्हायचा होता. पानाबद्दल मला जे विचारायचं ते थांबू शकत होतं. आधी कळायला हवं होतं की त्यांना कोणी काय सांगितलं आणि ते कधीपर्यंत काय करणार आहेत.

मी फोन लावला.

फोनवर उलगडलेली गरज

पानाबद्दल मी काहीच विचारलं नाही. विचारलं, "भाऊ, आज काही फवारायचं ठरवलं आहे का?"

"दुकानदार म्हनते कोकडा हाय. वायरस. आज-उद्या फवारा नाही मारला तं पुरी पऱ्हाटी जाते म्हनते."

"औषध घेतलं का?"

"एक बाटली घेतली. दुसरी संध्याकायी आनतो म्हटलं. दोनीचे मिळून तीन हजार होते. मनून तुमाले इचारलं."

पहिली गरज दीड मिनिटात बाहेर आली. संध्याकाळच्या आत दुसरी बाटली घ्यायची की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. रोगाचं नाव त्या निर्णयापुरतंच हवं होतं.

या प्रश्नाचं अर्धं उत्तर पानाकडे न बघताही देता येत होतं. झाडाला लागलेला विषाणू कुठल्याही फवाऱ्यानं बरा होत नाही. फवारा मारायचा तो विषाणू वाहून नेणाऱ्या किडीवर, पुढची झाडं वाचावीत म्हणून. म्हणजे समजा खरोखर कोकडा असता, तरी 'वायरसचं औषध' म्हणून दिलेल्या बाटलीनं ती झाडं सुधारली नसती. मी त्यांना सांगितलं की बाटलीचं सील फोडू नका, दुसरी आणू नका, आणि आज न फवारल्यानं पऱ्हाटी मरणार नाही. हे शेवटचं मी ठाम सांगू शकले, कारण दुसऱ्या फोटोतलं पान हिरवंगार होतं. वाळलेलं, जळालेलं, डागाळलेलं काही नव्हतं. आकार बिघडला होता, रंग नाही.

मग मी विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशानं झालं असेल?"

हा प्रश्न मी हल्ली नेहमी विचारते. शेतात रोज उभा राहणारा माणूस काहीतरी कारण धरूनच बसलेला असतो, आणि ते सांगितल्याशिवाय तो माझं नीट ऐकत नाही. भाऊ थोडं थांबले. मग म्हणाले, की पूर्वेच्या शेजाऱ्यानं पंधरवड्यापूर्वी धुऱ्यावरचं गवत मारायला तणनाशक फवारलं होतं. त्याचाच वारा आला असणार. त्यांना माझ्याकडून तसं लिहून हवं होतं, म्हणजे पंचायतीत दाखवता येईल. आणि जाता जाता, आवाज खाली घेऊन, तिसरी गोष्ट: ही पऱ्हाटी मोडून टाकावी का.

'हे?' या एका शब्दाखाली तीन गरजा होत्या. बाटली घ्यायची का, शेजाऱ्यावर तक्रार करायची का, पीक मोडायचं का. मी त्या कशाला किती वेळ आहे यावरून लावल्या. बाटलीचा निर्णय संध्याकाळपर्यंत, तो झालाच होता. पीक मोडायचा निर्णय निदान पंधरा दिवस थांबू शकत होता, आणि थांबायलाच हवा होता, कारण नवीन फूट कशी येते हे पाहिल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थ नव्हता. तक्रारीला घाई नव्हती, पण तिथे चूक झाली तर दोन घरांचं वैर पिढीभर टिकलं असतं. म्हणून सर्वात जास्त पुरावा मला तिथे हवा होता.

पान काय सांगत होतं आणि काय नाही

दुसऱ्या फोटोतलं ताजं पान भेंडीच्या पानासारखं झालं होतं. पऱ्हाटीचं पान रुंद, तळव्यासारखं असतं. हे पान बोटांमध्ये चिरलेलं, टोकं लांबवलेली, आणि शिरा एकमेकींना जवळजवळ समांतर धावणाऱ्या. टू-फोर-डी या तणनाशकाची ही ठळक खूण. रुंद पानाच्या झाडांना ते वाढीच्या संप्रेरकासारखं भासतं आणि कोवळ्या पेशींची वाढ बेताल होते. पऱ्हाटी त्याबाबत कमालीची नाजूक आहे. फार थोड्या अंशानंही तिची कोवळी पानं बिघडतात.

तरी एका पानावर थांबणं धोक्याचं होतं. देशी जातीचं पानही असंच दिसू शकतं. हा फरक पान पाहून कळत नाही, झाड पाहून कळतो. जातीचाच गुण असेल तर बुडापासून शेंड्यापर्यंत सगळी पानं तशीच असतात. तणनाशकाचा परिणाम असेल तर औषध पडलं त्या दिवसापर्यंत उमललेली जुनी पानं रुंद राहतात आणि नंतर शेंड्याकडे आलेली पानं बिघडलेली दिसतात. जणू झाडावर एक रेघ ओढावी: रेघेखाली सगळं ठीक, वर सगळं बिघडलेलं. ती रेघ कुठे आहे हे मोजलं की घटना साधारण कधी घडली तेही कळतं.

कोकड्यात शिरा जाड होतात आणि पानाच्या पाठीवर कधी कधी छोट्या पानासारखी वाढ दिसते. म्हणून पाठ पाहणं आवश्यक होतं.

आणि सर्वात मोठं कोडं पानातही नव्हतं, झाडातही नव्हतं. टू-फोर-डी असेल तर ते आलं कुठून, हे फक्त शेताचा नकाशा सांगू शकत होता.

पुढची कृती: एक व्हिडिओ

भाऊंचा मुलगा घरी होता. त्याला मी एकच काम सांगितलं. विहिरीकडच्या पहिल्या तासापासून शेजाऱ्याच्या धुऱ्यापर्यंत सरळ आडवं चालत जायचं, दर दहाव्या तासाला थांबायचं, समोरचं एक झाड बुडापासून शेंड्यापर्यंत दाखवायचं, एक पान उलटं करायचं आणि तोंडानं तासाचा आकडा बोलायचा. लिहायचं काहीच नाही. तोडायचं काहीच नाही. नऊ प्रश्नांना सव्वीस तासांत उत्तर आलं नव्हतं. हा व्हिडिओ चाळीस मिनिटांत आला.

शेतात साधारण नव्वद तासं होती. पहिल्या चौदा तासांत जवळजवळ प्रत्येक झाडाचा शेंडा बिघडलेला. पंधरा ते तीस या पट्ट्यात काही झाडं, तीही थोडीच. पस्तिसाव्याच्या पुढे झाडं चांगली. आणि शेजाऱ्याच्या धुऱ्याला लागून असलेली शेवटची दहा तासं पूर्ण स्वच्छ.

बुडाकडची पानं सगळीकडे रुंद होती, म्हणजे जातीचा प्रश्न संपला. पाठीवर जाड शिरा नव्हत्या. आणि वारा शेजाऱ्याकडून आला असता तर सर्वात जास्त नुकसान त्याच्या धुऱ्याजवळ दिसलं असतं आणि विहिरीकडे येता येता कमी झालं असतं. इथे नेमकं उलट होतं. शिवाय पावसाळ्यात आमच्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे पूर्वेच्या शेजाऱ्याचं औषध भाऊंच्या शेतापासून दूर जाण्याची शक्यता जास्त.

एका बाजूनं सुरू होऊन टप्प्याटप्प्यानं विरत जाणारं नुकसान दुसऱ्याही एका गोष्टीनं होतं. फवारणीच्या पंपात आधीचं औषध उरलं असलं की पहिले काही पंप, म्हणजे भरलेल्या टाक्या, जड जातात, पुढचे हलके, नंतरचे स्वच्छ. मी विचारलं की शेवटची फवारणी कधी आणि कुठून सुरू केली. २२ जुलैला, तुडतुड्यांसाठी, विहिरीकडून. एकरी दहा पंप, म्हणजे तीस पंप नव्वद तासांना, एका पंपात साधारण तीन तासं. पहिली चौदा तासं म्हणजे पहिले चार-पाच पंप. गणित जुळत होतं.

इथे मी जवळजवळ चुकले

मी विचारलं, "भाऊ, त्यात तणनाशक गेलं होतं का?"

"नाही, मॅडम. मी तणनाशक आनलंच नाही औंदा. डवरे देल्ले दोन."

ते खरंच बोलत होते. त्या उत्तरावर मी थांबले असते तर पुन्हा शेजाऱ्याकडे बोट गेलं असतं. पण प्रश्न चुकीचा होता. 'तुम्ही तणनाशक फवारलं का' यात आरोप आहे, आणि ज्यानं ते फवारलंच नाही त्याचं उत्तर 'नाही'च असणार. मी प्रश्न बदलला: "त्या दिवशी पंप कोणता होता?"

त्यांचा बॅटरीचा पंप बिघडला होता. साडूचा आणला होता. साडूनं आदल्या दिवशी त्यातून काय मारलं होतं? हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी साडूला फोन केला आणि मला परत फोन केला. साडूनं धुऱ्यावर टू-फोर-डी मारलं होतं, तेही ईथाइल ईस्टर प्रकारचं. पंप एकदा पाण्यानं विसळला होता.

एकदा विसळल्यानं टाकी स्वच्छ दिसते. पण औषध नळीत, रबराच्या वॉशरमध्ये आणि नोझलच्या जाळीत अडकून राहतं. ईस्टर प्रकार तेलकट असल्यानं प्लास्टिक आणि रबराला जास्त चिकटतो. नंतर त्याच पंपात कीटकनाशक किंवा चिकटद्रव्य गेलं की त्यातले विद्रावक हा थर सोडवतात, आणि तो पहिल्या काही पंपांतून पिकावर जातो. साध्या पाण्यानं न निघालेलं औषध दुसऱ्या औषधानं निघतं, हे शेतकऱ्याला कोणी सांगत नाही.

यात मला शंभर टक्के खात्री होती का? नव्हती. पानातला अंश तपासायला प्रयोगशाळा लागते, खर्च मोठा, आणि दहा-बारा दिवसांनी नमुन्यात काय उरलं असेल हाही प्रश्न. पंपाचं पाणी एखाद्या झाडावर मारून पाहावं म्हटलं, तर पंप मधल्या काळात साडूनं पुन्हा तणनाशकाला वापरला होता, म्हणजे त्या चाचणीतून २२ जुलैबद्दल काही सिद्ध झालं नसतं. माझ्याकडे होतं ते इतकंच: पानाचा आकार, झाडावरची रेघ, नुकसानीचा उतार, वाऱ्याची दिशा आणि पंपाचा इतिहास. पाचही एकाच बाजूला झुकत होते. भाऊंना मी हे असंच सांगितलं, आणि शेजाऱ्याविरुद्ध काही लिहून देणार नाही हेही सांगितलं.

काय केलं

टू-फोर-डीवर उतारा नाही. दुकानात तसं म्हणून काही मिळालं तर घेऊ नये. झाड जगतं, नवीन फूट हळूहळू सरळ येते, आणि तोपर्यंत त्याला ताण पडू द्यायचा नाही, एवढंच हातात असतं.

भाऊंनी सीलबंद बाटली परत नेली. दुकानदारानं पैसे दिले नाहीत, पण बदल्यात विद्राव्य खत दिलं, आणि ते पुढे उपयोगी पडलं. पहिल्या तीस तासांवर १ टक्का युरिया फवारायचं ठरलं, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम. तेही गटाच्या दुसऱ्या पंपानं.

शेंडे खुडण्याबाबत माझं मन दोन्हीकडे होतं. बिघडलेला साधारण वीतभर शेंडा खुडून युरिया फवारावा, म्हणजे बाजूची फूट लवकर येते, असा सल्ला दिला जातो. पण चौदा तासांत ते मजुरीचं काम, आणि पाऊस लांबला तर खुडलेलं झाड आणखी मागे पडेल अशी मला धास्ती होती. शेवटी सात तासांत खुडलं, सात तशीच ठेवली.

पंपाचं काम साडूकडे गेलं. तीन वेळा पाणी, प्रत्येक वेळी नळीतून आणि नोझलमधून शेवटपर्यंत काढून. मग मूठभर धुण्याचा सोडा घातलेलं पाणी रात्रभर भरून, नळीसकट. सकाळी साबण, पुन्हा पाणी. त्यानंतर त्याच पंपातलं साधं पाणी परसातल्या चवळीच्या चार रोपांवर मारून आठवडाभर वाट पाहायची. चवळी पिळवटली तर पंप पिकाला लावायचा नाही. ईस्टर प्रकारासाठी हे धुणंही पुरेसं ठरेलच असं नाही, म्हणून माझा आग्रह तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवण्याचा होता. साडूनं जुन्या पंपाच्या टाकीवर लाल रंगाचा पट्टा मारला आणि तो धुऱ्यापुरता ठेवला.

परिणाम

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पंधरा ते तीस या तासांत नवीन पानं रुंद येऊ लागली. पहिल्या चौदा तासांना सप्टेंबरचा मध्य उजाडला. तिथल्या पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, बऱ्याच गळल्या आणि पहिली वेचणी बाकी शेतापेक्षा सुमारे दोन आठवडे उशिरा झाली. खुडलेल्या आणि न खुडलेल्या तासांत डोळ्याला फरक दिसला नाही. पण ही एका शेतातली, एका पावसाळ्यातली सात-सात तासं आहेत, त्यावरून मी कोणाला खुडा किंवा खुडू नका असं सांगणार नाही.

पऱ्हाटी मोडली नाही. तक्रार झाली नाही. शेजाऱ्याला या सगळ्याचा पत्ताही नाही, आणि पोळ्याला दोघांचे बैल एकाच तोरणाखाली उभे होते.

सप्टेंबरमध्ये भाऊंचा आणखी एक फोटो आला. पूर्ण झाडाचा, उभ्यानं काढलेला. खाली लिहिलं होतं: 'उद्या फवारू का? विसावं तास. पंप घरचा.'

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशीच एक प्रश्न विचारायला हवा होता: आज काही फवारणार आहात का? 'हो' आलं तर लगेच फोन, 'नाही' आलं तर पूर्ण झाडाचा फोटो मागायचा आणि रांगेतल्या पुढच्या फोटोकडे जायचं. सव्वीस तास वाचले असते आणि एक बाटली विकत घेतली गेली नसती. नऊ प्रश्नांचा तो मजकूर मी फोनमधून काढून टाकला आहे. ते प्रश्न चुकीचे नव्हते, पण ते माझ्या वहीचे प्रश्न होते, आणि सगळे एकदम विचारल्यानं निरोप पाठवणाऱ्याला वाटलं की आधी परीक्षा द्यावी लागेल.

फोनला माझा विरोध असा की रोज सगळ्यांना फोन शक्य नाही. तो खरा आहे. म्हणून आता मी शब्दाकडे बघते. 'हे?' आलं तर लिहून एक प्रश्न. 'मत?', 'काय वाटते?', 'बरोबर आहे का?' असं काही आलं तर फोन, कारण तिथे दुसऱ्या कोणाचं तरी मत आणि बहुतेक वेळा एक बाटली आधीच मध्ये आलेली असते. ही खूण नेहमी बरोबर ठरत नाही. काही माणसं सवयीनंच 'मत?' लिहितात. तरी चुकलाच तर पाच मिनिटांचा एक फोन जास्त होतो.

पंपाबद्दलचा प्रश्न मी फार उशिरा विचारला. आकार बिघडलेलं पण हिरवं पान पऱ्हाटीत दिसलं की आता तो माझा दुसरा प्रश्न असतो, आणि तो मी 'तणनाशक' हा शब्द न वापरता विचारते. पंप कोणाचा होता, त्याआधी तो कुठे वापरला होता. लोक उसन्या पंपाबद्दल मोकळेपणानं सांगतात.

दुकानदाराशी मी बोलले नाही, हे मला अजून खटकतं. त्यांनी पान पाहून कोकडा म्हटलं, तसं मीही पहिल्या फोटोवरून तुडतुडे म्हटलं असतं. या वर्षी लावणीच्या आधी त्यांच्याकडे जाऊन टू-फोर-डीनं बिघडलेल्या पऱ्हाटीचा पूर्ण झाडाचा फोटो काउंटरवर लावायला द्यायचा आहे, विहिरीकडच्या पहिल्या तासातला, भाऊंच्या मुलानं काढलेला.